वजनगट आणि वजनकाटा : कुस्ती, बॉक्सिंग आणि वेटलिफ्टिंगविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वजनगट मुळात का केले जातात?

गावच्या जत्रेत कुस्त्यांचे जोड लावताना पंचमंडळी दोन पोरांना शेजारी उभे करतात, खांदा आणि मांडी नजरेने जोखतात आणि जोड बरोबरीचा आहे की नाही ते ठरवतात. वजनगट म्हणजे हाच निवाडा काट्यावर सोपवणे होय. कुस्तीत समोरच्याचे वजन उचलावे आणि पेलावे लागते. बॉक्सिंगमध्ये ठोशामागे जितके वजन तितका आघात जास्त बसतो, आणि तो झेलणाऱ्याच्या डोक्यावर बसतो. वेटलिफ्टिंगमध्ये खेळाडूंचा एकमेकांना स्पर्शही होत नसला, तरी जास्त स्नायू असलेला माणूस जास्त भार उचलतो, त्यामुळे गट नसते तर 49 किलोच्या मीराबाई चानूचे नाव आपल्या कानी पडले नसते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिने क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे भार आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर नेण्याच्या प्रकारात, 115 किलो उचलले. तो भार तिच्या स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून अधिक होता.

57 किलो गटात खेळणारा मल्ल एरवीही 57 किलोचाच असतो का?

बहुधा नसतो, आणि पुढच्या साऱ्या गोष्टी इथूनच सुरू होतात. गटाची मर्यादा फक्त वजन देण्याच्या क्षणी पाळावी लागते. त्यामुळे 60 किंवा 61 किलोचा मल्ल काट्यापुरता 57 वर येतो आणि लढतीपर्यंत पाणी व अन्न घेऊन पुन्हा जड होतो. आपण आपल्याहून हलक्या माणसाशी लढू, असा त्यामागचा हिशेब असतो. मात्र समोरचाही हेच करून आलेला असल्यामुळे प्रत्यक्षात दोघेही थकून त्याच जागी उभे राहतात.

दुसरे कारण गटांच्या टंचाईचे आहे. जागतिक कुस्ती स्पर्धेत प्रत्येक प्रकारात दहा गट असतात, तर ऑलिम्पिकमध्ये सहाच. पाटोद्याच्या राहुल आवारेने 2019 च्या जागतिक स्पर्धेत 61 किलो गटात कांस्यपदक मिळवले, पण 61 हा गट ऑलिम्पिकमध्ये नाही. तिथे 57 नंतर थेट 65 येतो. ज्याचे अंग 61 चे आहे, त्याने चार किलो उतरवायचे की चार किलो जड मल्लांशी झुंजायचे, याचे सोपे उत्तर कोणत्याही वस्तादाकडे नसते. बॉक्सिंगपटू निखत झरीनही 2022 मध्ये 52 किलो गटात विश्वविजेती झाली होती, पण पॅरिस ऑलिम्पिकसाठी तिला 50 वर यावे लागले.

तिन्ही खेळांत वजन घेण्याची पद्धत एकच असते का?

नाही, आणि काट्यावरचा आकडा कोणता, यापेक्षा तो काटा नेमका कधी येतो, याला अधिक महत्त्व आहे. वजन दिल्यापासून लढतीपर्यंत जितके तास मिळतात, तितके पाणी अंगातून काढून पुन्हा भरता येते.

वेटलिफ्टिंगमध्ये वजन एकदाच घेतात. स्पर्धेच्या दोन तास आधी काटा सुरू होतो आणि तासभर चालतो. चिठ्ठीच्या क्रमाने एकेका खेळाडूला आत बोलावतात आणि त्याच वेळी प्रशिक्षक स्नॅच, म्हणजे भार एकाच झटक्यात डोक्यावर नेण्याचा प्रकार, व क्लीन अँड जर्कच्या सुरुवातीच्या प्रयत्नांचे आकडे कार्डावर लिहून देतो. पुढच्या दोन तासांत सुकलेले अंग पूर्ववत होत नाही, त्यामुळे जाणते लिफ्टर थोडेच वजन उतरवतात.

ऑलिम्पिक पद्धतीच्या बॉक्सिंगमध्ये ज्या दिवशी लढत असते, त्या प्रत्येक दिवशी सकाळी वजन द्यावे लागते. अंतिम फेरीपर्यंत पोहोचणाऱ्याला चार-पाच वेळा, तेही दहा-पंधरा दिवसांच्या काळात, काट्याला सामोरे जावे लागते. ही दीर्घकाळ ताट आवरून बसण्याची परीक्षा असते. प्रवासात ती बिघडली तर काय होते, ते मेरी कोमने 2018 मध्ये पोलंडमध्ये अनुभवले. पहाटे ती उतरली, वजन त्याच सकाळी होते आणि 48 च्या गटासाठी ती सुमारे दोन किलो जड होती. तिने तासभर सलग दोरीच्या उड्या मारल्या, घामावाटे वजन उतरवले आणि पुढे ती स्पर्धाही जिंकली.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजन आदल्या दिवशी घेतात, त्यामुळे लढतीला उतरेपर्यंत बॉक्सर काट्यावरच्या आकड्याहून कितीतरी किलो जड झालेला असू शकतो. आयबीएफ ही संघटना म्हणूनच विजेतेपदाच्या लढतीच्या दिवशी सकाळी दुसरा काटा लावते आणि मर्यादेवर दहा पौंडांहून अधिक वाढ चालवून घेत नाही.

कुस्तीचा नियम सर्वांत कडक आहे. त्याचे उत्तर स्वतंत्रपणे द्यावे लागेल.

कुस्तीत दोन दिवस वजन का घेतात?

पूर्वी आंतरराष्ट्रीय कुस्तीत आदल्या संध्याकाळी वजन व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी गटाच्या सर्व लढती उरकायच्या. मधल्या रात्रीच्या भरवशावर मल्ल चार, पाच, सहा किलोही उतरवत. हे थांबावे म्हणून जागतिक संघटनेने 2018 पासून गटाच्या लढती दोन दिवसांत विभागल्या आणि दोन्ही दिवशी सकाळी वजन ठेवले. पहिल्या दिवशी अर्धा तास आणि दुसऱ्या दिवशी, पदकाच्या लढती शिल्लक असलेल्यांसाठी, पंधरा मिनिटे. त्या वेळेत काट्यावर हवे तितक्या वेळा चढता येते. वजन सिंगलेट, म्हणजे कुस्तीचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख, घालूनच होते आणि सिंगलेटच्या नावाने सवलत मिळत नाही. काही स्पर्धांत दोन किलोंची सूट असते, पण ऑलिम्पिक आणि जागतिक स्पर्धेत ती नसते.

सकाळी वजन आणि काही तासांत कुस्ती, म्हणजे कोणी फार वजन उतरवणार नाही, असा होरा होता. माझ्या मते तो अर्धाच खरा ठरला. ज्यांना वजन उतरवायचे होते, ते उतरवतच राहिले. फरक इतकाच पडला की आता ते दोनदा उतरवावे लागते, आणि दुसऱ्यांदा तर तीन कुस्त्या खेळून झाल्यावर, एका रात्रीत.

विनेश फोगाटचे पॅरिसमध्ये नेमके काय झाले?

विनेश अनेक वर्षे 53 किलो गटात खेळत होती. पॅरिससाठी त्या गटातली भारताची जागा अंतिम पंघालकडे गेल्यामुळे ती 50 वर उतरली. 6 ऑगस्ट 2024 च्या सकाळी तिने मर्यादेत वजन दिले. त्या एकाच दिवसात तिने जपानची गतविजेती युई सुसाकी, युक्रेनची ओक्साना लिवाच आणि क्युबाची युस्नेलिस गुझमान यांना हरवले.

दिवसभर लढायचे तर खाणे-पिणे टाळून चालत नाही. वजन दिल्यानंतर घेतलेले अन्न आणि प्रत्येक कुस्तीनंतर घेतलेले पाणी यांमुळे संध्याकाळी ती मर्यादेपेक्षा सुमारे 2.7 किलो जड भरली. मग रात्रभर व्यायाम, सौना, पाणी बंद आणि झोप नाही. शेवटी केस कापले, कपडेही आखूड केले. 7 तारखेच्या सकाळी काट्यावर ती आधी 150 ग्रॅम आणि पंधरा मिनिटांच्या अखेरीस 100 ग्रॅम जास्त भरली. 100 ग्रॅम म्हणजे जेमतेम एका कटिंग चहाचा ऐवज.

नियम असा आहे की कोणत्याही दिवशीच्या वजनात मल्ल बसला नाही, तर तो स्पर्धेतून बाद होतो आणि क्रमांकाशिवाय सर्वांत शेवटी गणला जातो. आदल्या दिवशीचे तीन विजयही त्यात वाहून गेले. अंतिम फेरीत तिच्या जागी गुझमान खेळली आणि अमेरिकेच्या सारा हिल्डेब्रँटने सुवर्ण जिंकले. विनेशने क्रीडा लवादाकडे संयुक्त रौप्यपदक मागितले होते. 14 ऑगस्टला तो अर्ज फेटाळला गेला, कारण मर्यादेत बसणे ही खेळाडूची जबाबदारी आहे आणि फरक किती ग्रॅमचा आहे, हे पाहून सूट देण्याची तरतूदच नियमात नाही.

हा निकाल नियमाला धरून आहे, असेच मला वाटते. मात्र आदल्या दिवशी रीतसर वजन देऊन मिळवलेले विजय दुसऱ्या दिवशीच्या काट्याने पुसले जावेत का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचे उत्तर नियमावलीत बदल करूनच देता येईल.

रात्रभरात अडीच किलो उतरले, तर शेवटचे 100 ग्रॅम का उतरू नयेत?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्यातला गैरसमज स्वाभाविक आहे. एका रात्रीत उतरते ती चरबी नव्हे. चरबी आठवड्यांच्या हिशेबाने घटते. रात्रीत उतरते ते पाणी, आणि थोडाफार पोटातला ऐवज. स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत अंदाजे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. भात-भाकरी आठवडाभर कमी केली की ते पाणी सुटते. मीठ कमी केले की आणखी थोडे जाते. चोथा नसलेले हलके अन्न घेतले की आतडी रिकामी होतात. उरलेले सारे घामातून काढायचे असते.

घामाची गोष्ट अशी की सुरुवातीला तो सहज येतो. तासाभराच्या कष्टात लिटरभर पाणी गेले तरी नवल नाही. पण शरीर जसजसे सुकते, तसतसे रक्तातले पाणी घटते, कातडीकडे जाणारे रक्त कमी होते आणि उरलेले पाणी शरीर धरून ठेवू लागते. मल्ल सौनात बसलेला असतो, अंग तापलेले असते आणि कातडी मात्र कोरडी असते. मल्ल म्हणतात, ‘आता घाम येईना.’ ही सूचना वस्तादाने ऐकायलाच हवी, कारण इथून पुढे तापमान वाढते, वजन मात्र उतरत नाही. शेवटचे 100 ग्रॅम पहिल्या दोन किलोंपेक्षा अवघड असतात ते यामुळे. स्त्रियांमध्ये पाळीच्या आधीच्या दिवसांत शरीरात पाणी साठून काटा पुढे सरकू शकतो. स्पर्धेची तारीख आणि पाळीची तारीख एकत्र लिहून ठेवणारे प्रशिक्षक आपल्याकडे अजून थोडे आहेत.

मग अमन सेहरावतला हे कसे जमले?

त्याच ऑलिम्पिकमध्ये दोनच दिवसांनी भारतीय चमूपुढे हाच प्रसंग आला. 57 किलो गटात उपांत्य फेरी हरल्यावर 8 ऑगस्टच्या संध्याकाळी अमनचे वजन 61.5 किलो भरले. कांस्यपदकाची कुस्ती दुसऱ्या दिवशी होती आणि सकाळी पुन्हा वजन होते. हातात सुमारे दहा तास होते.

प्रशिक्षकांनी नंतर सांगितलेला क्रम पाहण्यासारखा आहे. सुरुवातीला दीड तास मॅटवर उभ्याने कुस्ती झाली. नंतर तासभर गरम पाण्याचे स्नान झाले. मध्यरात्रीनंतर जिममध्ये ट्रेडमिलवर सलग तासभर धावणे झाले. थोडी विश्रांती, मग सौनाचे पाच-पाच मिनिटांचे फेरे. त्यानंतरही थोडे वजन शिल्लक होते म्हणून मालिश आणि हलके पळणे. पहाटे साडेचारच्या सुमारास काटा 56.9 वर आला. मधल्या काळात कोमट पाण्यात लिंबू-मध आणि थोडी कॉफी, इतकेच पोटात गेले. त्या दिवशी त्याने प्युर्तो रिकोच्या डॅरियन क्रूझला 13-5 असे हरवून पदक घेतले.

दोघांची तुलना करून एकाला शहाणे आणि दुसरीला चुकलेली ठरवणे योग्य नाही. 61 किलोच्या शरीरातले पाणी 52 किलोच्या शरीरातल्या पाण्यापेक्षा बरेच जास्त असते. पूर्वी किती सुकवून झाले आहे, यावरही पुढचा घाम ठरतो. शिवाय एकदा जमले म्हणून नेहमी जमतेच असे नाही. 2025 मध्ये झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत हाच अमन 1.7 किलो जास्त भरला आणि एकही कुस्ती न खेळता बाद झाला. पॅरिसमध्ये त्याला उपांत्य फेरीत हरवून पुढे सुवर्ण जिंकणारा जपानचा रेई हिगुची 2021 मध्ये ऑलिम्पिक पात्रतेच्या स्पर्धेत 50 ग्रॅमने बाद झाला होता.

वेटलिफ्टिंगमध्ये कमी वजनाच्या खेळाडूला फायदा मिळतो का?

पूर्वी मिळत असे. दोघांनी सारखाच एकूण भार उचलला, तर वजन घेताना जो हलका भरला होता तो वर जायचा. त्यामुळे लिफ्टर मर्यादेच्याही खाली काही ग्रॅम राहण्याची धडपड करायचे. 2017 मध्ये हा नियम गेला. आता बरोबरी झाली, तर तो भार आधी उचलणारा वर राहतो. त्यामुळे मर्यादेच्या आत बसल्यावर आणखी हलके होण्यात काहीच लाभ उरलेला नाही, तरीही जुन्या सवयीने मुलांना उपाशी ठेवणारे प्रशिक्षक दिसतात. तो एखादा किलो शरीरात राहू दिला असता तर काय झाले असते, याचा विचार करावा, कारण इथे पदके किलोच्या फरकाने जातात. सांगलीच्या संकेत सरगरने 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात 248 किलो उचलले आणि 249 उचलणाऱ्या मलेशियाच्या खेळाडूने सुवर्ण नेले. (संकेतला त्या दिवशी कोपराची दुखापत नडली, वजन नव्हे, हे इथेच सांगितलेले बरे.)

महाराष्ट्र केसरीला वजनगट असतात का?

असतात. अधिवेशनात माती आणि गादी अशा दोन्ही विभागांत वेगवेगळ्या गटांच्या कुस्त्या होतात. केसरीच्या गदेसाठीचा गट 86 ते 125 किलोंचा असतो आणि माती व गादी विभागांचे विजेते शेवटी समोरासमोर येतात. हा गट इतका रुंद आहे की त्यात तीस-पस्तीस किलोंच्या फरकाचा जोडही होऊ शकतो. इथे मल्लाची धडपड बहुधा उलटी असते, वजन वाढवण्याची. हलक्या गटांतली मोठी कामगिरी मात्र आपल्याकडे जुनी आहे. खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडनला फ्लायवेट गटात सहावे आले आणि 1952 मध्ये हेलसिंकीला त्यांनी बँटमवेट म्हणजे 57 किलो गटात कांस्यपदक मिळवले. चार वर्षांत एक गट वर सरकून पदक घेणारा हा मल्ल, गट बदलणे म्हणजे कमीपणा मानणाऱ्या पालकांना मी नेहमी सांगतो.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. प्रशिक्षक दोन किलो उतरवायला सांगतात. उतरवावे का?

पाणी तोडून उतरवू नये. वाढत्या वयातल्या मुलाचे शरीर स्वतःच वरच्या गटाकडे निघालेले असते आणि आज उतरवलेले दोन किलो पुढच्या स्पर्धेपर्यंत तीन होतात. महिनाभर आधीपासून तळलेले आणि गोड कमी करून वजन घटत असेल, तर त्यास हरकत नाही. प्लास्टिकचा सूट घालून उन्हात पळवणे, थुंकायला लावणे, जुलाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या देणे, यांपैकी काहीही दिसले तर मुलाला घरी आणावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या उत्तेजकविरोधी यादीत बंदी असलेल्या आहेत, त्यामुळे त्यातून मुलावर बंदीही येऊ शकते.

लघवी गडद पिवळी होणे, उठताना चक्कर, पोटऱ्यांत गोळे आणि तापलेले पण कोरडे अंग या खुणा दिसल्या की काटा विसरून पाणी द्यावे आणि डॉक्टर गाठावा. ही अतिशयोक्ती नाही. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्ती खेळणारे तीन तरुण वजन उतरवताना काही आठवड्यांच्या अंतराने दगावले. त्यानंतर तिथे महाविद्यालयीन मल्लांचे किमान वजन हंगामाच्या सुरुवातीलाच, लघवीच्या तपासणीतून शरीरात पुरेसे पाणी असल्याची खात्री करून, ठरवले जाऊ लागले. आपल्या जिल्हा स्पर्धांत अशी तपासणी मी अद्याप पाहिलेली नाही.

घरच्या काट्यावर बरोबर भरलो आणि स्पर्धेत जास्त, असे का होते?

बहुतेक वेळा काट्यामुळे. एका जिल्हा निवड चाचणीत माझ्यासमोर एक मुलगा 300 ग्रॅम जास्त भरला. काटा गालिच्यावर ठेवलेला होता आणि काट्याचा एक पाय सतरंजीच्या घडीवर होता. तो उचलून फरशीवर ठेवल्यावर आकडा बदलला आणि मुलगा गटात बसला. पण त्याआधी तो अर्धा तास मैदानाला फेऱ्या मारून आला होता. त्यामुळे वजन देण्याआधी काटा सपाट, कडक जमिनीवर आहे का आणि रिकामा असताना शून्य दाखवतो का, हे पाहण्याचा आग्रह धरावा. त्यात उद्धटपणा काही नाही.

घरच्या काट्याची खात्री करायची असेल, तर जवळच्या वेटलिफ्टिंग केंद्रात तो घेऊन जावा. तिथल्या स्पर्धेसाठीच्या लाल चकत्या प्रत्येकी 25 किलोच्या असतात. दोन चकत्या काट्यावर ठेवाव्यात. काटा 50 ऐवजी 49.7 दाखवत असेल, तर तो 300 ग्रॅम कमी सांगतो हे काट्यावरच चिकटपट्टी लावून लिहून ठेवावे. एकाच काट्यावर, एकाच वेळी, म्हणजे सकाळी शौचाला जाऊन आल्यावर आणि काही पिण्याआधी वजन करावे. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावरही दोन आठवडे वजन लिहून ठेवले, तर झोपेत आपले किती ग्रॅम उतरतात ते कळते. कोणाचे 400 उतरतात, कोणाचे 800. वजनाच्या आदल्या रात्री किती जड राहून निर्धास्त झोपता येईल, ते याच आकड्यावरून ठरवावे, आणि काट्यात 100-200 ग्रॅमची फट नेहमी राखावी.